दिसेल तोच टप्पा

काळेवाडीत आमच्या रांगेतल्या शेवटच्या गाळ्यात एक तरुण वेल्डिंग फिक्श्चर बनवतो. एके संध्याकाळी तो मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, "काका, चाकणची नवीन पार्टी आहे. ड्रॉइंग पाठवलंय, रेट आणि टर्म्स मागितल्यात. खाली लिहिलंय, आमच्याकडे पेमेंट साठ दिवसांनी. ॲडव्हान्स मागू का? मागितला तर पळून जातील."

मी तीस वर्षं याच धंद्यात आहे आणि हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतं. विचारणारा नेहमी टक्क्यापासून सुरुवात करतो, तीस मागू की पन्नास? माझ्या मते वाटाघाट तिथेच बिघडते. टक्का हा शेवटी निघणारा आकडा आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरायला लागतात. आपल्या खिशातून पैसा कोणत्या आठवड्यात, किती आणि कशासाठी जाणार, ही पहिली. आणि पुढचा हप्ता ज्या घटनेवर मिळणार ती घटना घडवणं कोणाच्या हातात आहे, ही दुसरी.

आम्ही त्याच्याच कोटेशनचा कागद उलटा करून मागे आकडे मांडले. दोन फिक्श्चर, किंमत आठ लाख, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 1 लाख 44 हजार. खर्च असा: डिझाइन बाहेरून करून घ्यायचं, 50 हजार. प्लेटा आणि पिनांचं स्टील 1 लाख 60 हजार. सिलिंडर, क्लॅम्प, सेन्सर असा विकतचा माल 2 लाख 10 हजार. व्हीएमसीवरचं मशीनिंग शेजाऱ्यांकडून, 90 हजार. हार्डनिंग आणि ग्राइंडिंग 30 हजार, मजुरी 80 हजार, सीएमएमवर तपासणी आणि टेम्पोभाडं 20 हजार. एकूण 6 लाख 40 हजार, म्हणजे उरणार 1 लाख 60 हजार. आकडे मी इथे गोल केलेत आणि जीएसटी सोडून धरलेत. प्रत्यक्षात खरेदीवरचा जीएसटीही आधी आपल्याच खिशातून जातो आणि वजावटीला नंतर येतो.

आता हाच खर्च आठवड्यांवर पसरून पाहायचा. पहिले दोन आठवडे डिझाइन चालतं, तोवर फक्त 50 हजार गेलेले असतात. तिसऱ्या आठवड्यात डिझाइन मंजूर झालं की एकाच दिवशी स्टीलवाल्याला आणि न्युमॅटिकवाल्या डीलरला ऑर्डर जाते. दोघंही नव्या गाळेवाल्याला उधार देत नाहीत. त्या एका दिवशी खर्च 50 हजारांवरून 4 लाख 20 हजारांवर उडी मारतो. त्यानंतरचे 2 लाख 20 हजार हळूहळू, तीन आठवड्यांत जातात. म्हणजे या कामाला एकच चढ आहे आणि तो तिसऱ्या आठवड्यात आहे. त्याने ऑर्डरबरोबर 30 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार मागितले असते आणि ते मिळालेही असते, तरी त्या दिवशी त्याला 1 लाख 80 हजारांची फट पडली असती. ती फट भरायला मग दुसऱ्या पार्टीचा ॲडव्हान्स वापरला जातो. आणि तिथून जे चक्र सुरू होतं त्यातून बाहेर आलेले गाळे मी फार थोडे पाहिलेत.

म्हणून आम्ही मागणी अशी लिहिली: ऑर्डरबरोबर 30 टक्के, डिझाइन मंजूर झाल्यावर पण माल मागवण्याआधी 25, आमच्या गाळ्यात ट्रायल झाल्यावर डिस्पॅचआधी 35 आणि त्याबरोबर पूर्ण जीएसटी, आणि तुमच्याकडे बसवून दिल्यावर 10. चढाच्या दिवशी हातात 4 लाख 40 हजार आणि खर्च 4 लाख 20 हजार. नव्या पार्टीला हे सरळ 50 टक्के ॲडव्हान्सपेक्षा सोपं जातं, कारण मोठी रक्कम द्यायच्या आधी तिच्या हातात डिझाइन आलेलं असतं. तिची जोखीम 2 लाख 40 हजारांवर थांबते. डिझाइन आवडलं नाही तर ती तिथेच थांबू शकते आणि आपणही थांबू शकतो.

आता परचेसवाल्याची बाजू. तो ॲडव्हान्सला का घाबरतो? आपल्याला वाटतं, मोठी कंपनी आहे, माज आहे. पण त्याने हात पोळून घेतलेला असतो. त्याने दिलेल्या ॲडव्हान्समधून कोणीतरी जुनं थकलेलं भाडं भरलेलं असतं, किंवा मुलीच्या लग्नाचं केटरिंग. पुढे दोन महिने "मटेरियल येतंय साहेब" हे एकच उत्तर त्याने फोनवर ऐकलेलं असतं. अशी माणसं आपल्यात आहेत, आणि त्यांच्यामुळे आपल्याला हप्ते तोडून मागावे लागतात. त्यावर उपाय साधा आहे. दुसरा हप्ता आल्यापासून आठ दिवसांत स्टीलचं आणि सिलिंडरचं खरेदीबिल तुम्हाला दाखवू, असं उत्तरातच लिहून टाकायचं. ते एक वाक्य मी लिहायला लागल्यापासून ॲडव्हान्सवरची निम्मी हुज्जत कमी झाली.

दुसरा प्रश्न टप्प्यांचा, आणि माझ्या मते हा पहिल्यापेक्षा मोठा आहे. तो समजावायला मला काळेवाडीतच उदाहरण सापडतं. इथून रहाटणीकडे किंवा थेरगावकडे जा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहताना दिसतील. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पुढे महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात पायऱ्या दिल्यात: करारानंतर 30 टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर 45 पर्यंत, स्लॅब झाल्यावर 70 पर्यंत, मग भिंती-प्लास्टर, मग पुढचं, आणि शेवटची रक्कम ताब्याच्या वेळी. चाकणच्या कंपनीतला परचेसवाला स्वतः याच पायऱ्यांवर घराचे हप्ते भरत असतो. त्याला टप्पा म्हणजे काय ते आपल्याइतकंच कळतं.

जोत्याची गंमत अशी की ते झालं की नाही यावर वाद होत नाही. कोणीही जाऊन बघावं. मंजुरीचं तसं नसतं. कोटेशनमध्ये "25 टक्के डिझाइन ॲप्रूव्हलवर" असं लिहिलं की ती घटना समोरच्याच्या टेबलावर जाऊन बसते. तिथला इंजिनिअर रजेवर जातो, क्वालिटीवाला म्हणतो एक पिन सरकवा, कोणी म्हणतं पार्टचं ड्रॉइंगच बदलतंय. आपलं काम झालेलं असतं, हप्ता मात्र अडकतो. ट्रायलचंही तेच. ट्रायलला लागतात त्यांचेच सुटे पार्ट, आणि ते देणारा त्यांचा प्रेसशॉप आधीच उशिरात असतो. फिक्श्चर तयार होऊन गाळ्यात उभं आहे, त्यावर धूळ बसते आहे आणि "ट्रायल झाल्यावर 35 टक्के" हे वाक्य कागदावर तसंच. पार्ट न आल्यामुळे माझं एक फिक्श्चर सात आठवडे असंच उभं होतं. त्या सात आठवड्यांत मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच शिव्या दिल्या, कारण ते मीच लिहिलं होतं.

तेव्हापासून मी प्रत्येक टप्प्याला दोन पाय देतो. घटना झाली, किंवा आम्ही कळवल्यापासून अमुक दिवस गेले, यातलं जे आधी होईल ते. डिझाइन पाठवल्यापासून सात दिवसांत लेखी सूचना आल्या नाहीत तर ते मंजूर धरलं जाईल. ट्रायलचे पार्ट मागितल्यापासून सात दिवसांत आले नाहीत तर सीएमएम रिपोर्टवर टप्पा पूर्ण धरला जाईल. नव्या पार्टीला हे उर्मट वाटेल का, असं त्या पोरानेही विचारलं. वाटायचं कारण नाही, कारण खुद्द कायद्याची भाषा अशी आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यात मालाच्या स्वीकृतीची व्याख्याच तशी केली आहे: माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा. आपण तीच पद्धत माल जाण्याआधीच्या टप्प्यांना लावतो, एवढंच.

कायद्याचं नाव निघालं की आमच्या रांगेत हमखास कोणीतरी म्हणतं, "मग ॲडव्हान्सची भीक कशाला? उद्यम नोंदणी आहे, पंचेचाळीस दिवसांत द्यावंच लागतं." कायदा खरंच आपल्या बाजूचा आहे. लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडची मुदत चालत नाही, त्यामुळे "साठ दिवस" हे वाक्य सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लागूच पडत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं, आणि तिथे हरलेल्या खरेदीदाराला निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. हे सगळं मी उत्तरात नम्रपणे लिहितो. उद्यम क्रमांक कोटेशनवर छापतो, आणि नोंदणी ऑर्डरच्या आधीची असेल याची काळजी घेतो, कारण मागाहून केलेल्या नोंदणीवर भांडणं होतात.

पण हा कायदा माल गेल्यानंतर सुरू होतो. तिसऱ्या आठवड्यातला चढ तो चढून देत नाही. शिवाय नव्या पार्टीवर पहिल्याच वर्षी केस टाकणारा दुसऱ्या ऑर्डरची वाट बघत नसतो. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या 43बी(एच) चंही तसंच. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा करता येत नाही, म्हणून मार्च आला की खरेदीदार घाईत येतो, असं सगळे सांगतात. रोजच्या जॉबवर्कला ते खरंही आहे. पण फिक्श्चर ही पार्टीच्या पुस्तकात भांडवली वस्तू म्हणून चढते आणि त्यावर घसारा मिळतो. तिथे ही धाक दाखवणारी तरतूद फारशी चावत नाही, असंच बहुतेक करसल्लागार सांगतात. आपल्या मालाचं खरं संरक्षण म्हणजे तो आपल्या ताब्यात असताना मिळालेला पैसा.

इथेही एक फसगत आहे. माल ताब्यात आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं वाटतं. 1930 च्या माल विक्री कायद्याप्रमाणे पैसे न मिळालेला विक्रेता माल अडवून ठेवू शकतो, हेही खरं. पण एखाद्या विशिष्ट ब्रॅकेटसाठी बनवलेलं फिक्श्चर अडवून करायचं काय? ते जगात त्या एकाच पार्टीला उपयोगी. दुसऱ्याला विकायचं म्हटलं तर सिलिंडर आणि क्लॅम्प निघतील, निम्म्या भावाने, आणि बाकी भंगार. म्हणूनच डिस्पॅचच्या वेळी सगळे पैसे एकदम घेऊ ही टर्म आमच्या मालाला पुरत नाही. नेहमीचे नटबोल्ट विकणाऱ्याला ती पुरते, त्याला उद्या दुसरं गिऱ्हाईक मिळतं. आमच्या यादीत पार्टी पळून गेली तर 6 लाख 40 हजार गेलेले, 4 लाख 40 हजार आलेले आणि सिलिंडरचे लाखभर सुटलेले. लाखाचा फटका. दुखेल, पण गाळा बंद पडणार नाही. माझ्या दृष्टीने टर्म्सची कसोटी एवढीच आहे.

उत्तरात जीएसटीचं एक वाक्य विसरू नये. मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी भरावा लागत नाही, नोव्हेंबर 2017 पासून ही सूट आहे. म्हणून ॲडव्हान्ससाठी प्रोफॉर्मा द्यायचा, टॅक्स इन्व्हॉइस नाही. (फक्त डिझाइनची वेगळी ऑर्डर घेतली तर ती सेवा होते, आणि सेवेच्या ॲडव्हान्सवर कर लागतो. हे मला एकदा उशिरा कळलं.) माल निघताना मात्र पूर्ण रकमेचं बिल फाडावं लागतं, आणि दरमहा रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला त्या बिलावरचा सगळा कर हिशोबात घ्यावा लागतो, पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत. "राहिलेले 10 टक्के आणि जीएसटी बसवल्यावर" अशी टर्म लिहून बसलेले मी पाहिलेत. त्यांनी सरकारला स्वतःच्या खिशातून कर्ज दिलं. 10 टक्क्यांचंही मनाशी नीट समजून घ्यावं. या कामात ते 80 हजार आहेत, म्हणजे किमतीचा दहावा भाग असले तरी नफ्याचा अर्धा भाग. तो हप्ता "फायनल ॲप्रूव्हल" अशा शब्दावर टांगायचा नाही. पोचल्यापासून तीस दिवस, अशी तारीख त्याला हवीच.

डिलिव्हरी सहा आठवडे, हेही कुठून मोजायचं ते लिहायचं. ऑर्डरच्या तारखेपासून नाही, पहिला हप्ता खात्यात जमा झाल्यापासून. मंजुरीला जेवढे दिवस जास्त लागतील तेवढे डिलिव्हरीत वाढतील. हे नसलं की त्यांच्या लेखाविभागाचा उशीर आपल्या लेट डिलिव्हरीच्या दंडात बसतो.

उत्तर गेलं. चौथ्या दिवशी परचेसवाल्याचा फोन आला. इथे दोन वाटा येतात आणि दोन्हींना तयार असावं. एक म्हणजे, "ॲडव्हान्स देऊ, पण बँक गॅरंटी द्या." मोठ्या कंपन्यांचा तो नियमच असतो. छोट्या खातेदाराकडून बँक बहुधा जवळपास तेवढ्याच रकमेची ठेव अडकवून घेते, वर कमिशन. म्हणजे चार लाख आले आणि चार लाख गोठले. अशा ॲडव्हान्सचा काही उपयोग नाही, आणि तो सरळ नाकारून दुसरा पर्याय द्यावा. न्युमॅटिक माल तुम्हीच तुमच्या नावावर खरेदी करून आम्हाला द्या. किंमत कमी होते, पण चढही दोन लाख दहा हजारांनी उतरतो. त्या मालावरचं आपलं मार्जिन जातं, ते जाऊ द्यावं.

या पार्टीने दुसरी वाट धरली: 30 नाही, 20 देऊ. पोरगं खुर्चीतून उठलंच, नाही म्हणायला. मी म्हटलं थांब, यादी काढ. ऑर्डरबरोबर 20 म्हणजे 1 लाख 60 हजार, आणि डिझाइनपर्यंत खर्च 50 हजार. त्याला हरकत काय? अडचण तिसऱ्या आठवड्यात आहे. मग दुसरा हप्ता 25 वरून 30 करायला सांग आणि डिस्पॅचचा 35 वरून 40. त्याने तसं कळवलं. चढाच्या दिवशी हातात चार लाख, फट वीस हजारांची. परचेसवाल्याला साहेबांसमोर "ॲडव्हान्स तीसवरून वीसवर आणला" असं सांगता आलं. तो मान त्याला मिळाल्याने आपलं फारसं बिघडलं नाही. टक्क्यावर अडून बसलेल्याला अशी तडजोड सुचत नाही, कारण आपण कशासाठी भांडतोय हे त्याला माहीत नसतं.

प्रत्येक कामाला हे सगळं लागतं असं नाही. पार्टीचं मटेरियल, आपली फक्त मजुरी, असं जॉबवर्क असेल तर ॲडव्हान्स मागून स्वतःचं हसं करून घेऊ नये. तिथे पंधरा दिवसांचं बिल आणि वेळेवर पैसे एवढंच मागावं. सातव्या-आठव्या ऑर्डरला जुन्या पार्टीकडून पहिला हप्ता मीही घेत नाही.

पुढे पीओ आली. चार पानी, छापील. पहिल्या पानावर रक्कम बरोबर, डिलिव्हरी बरोबर. पेमेंट टर्म्सच्या रकान्यात मात्र: 45 दिवस, माल मिळाल्यापासून. ॲडव्हान्सचा उल्लेखच नाही. सिस्टिममध्ये उद्यम नोंदणी असलेल्या नव्या व्हेंडरला तीच टर्म आपोआप लागते, फोनवर काय ठरलं ते सिस्टिमला माहीत नसतं, आणि लेखाविभाग पीओत नसलेला हप्ता सोडत नाही. पोरगं म्हणालं, "साहेब बोललेत देतो म्हणून, मी प्लेटा सांगून टाकतो." माझी सगळ्यात महाग चूक इथेच झालेली आहे. पीओ हातात घेऊन काम सुरू केलं की त्यातल्या टर्म्स आपण मान्य केल्या असं धरलं जातं. मग आधीचं कोटेशन, मेल, फोन, सगळं मागे पडतं. त्याला तिथेच बसवून मेल लिहायला लावला: ऑर्डरबद्दल आभार, आपल्यात अमुक तारखेच्या मेलने ठरलेल्या टर्म्स अशा आहेत, कृपया सुधारित पीओ पाठवा, ती आणि पहिला हप्ता मिळाल्यावर सहा आठवड्यांचा काळ सुरू होईल. सोबत प्रोफॉर्मा.

नऊ दिवस काही आलं नाही. त्यातल्या पाचव्या दिवशी तो मला म्हणाला की ऑर्डर गेली, आणि ती तुमच्यामुळे गेली. मी चहा सांगितला. दहाव्या दिवशी सुधारित पीओ आली, त्याच दुपारी 1 लाख 60 हजार जमा झाले, आणि त्याने डिझायनरला फोन लावला. स्टीलवाल्याला अजून नाही.